नवव्या धड्याच्या टाळ्या

टाळ्यांचा आवाज मीच निवडला होता. नौमाननं आधी घंटी लावली होती, ती मला शाळेची वाटली, मग शिट्टी लावली, ती एसटीच्या कंडक्टरची वाटली. शेवटी टाळ्या लावल्या. बरोबर उत्तरावर बोट टेकलं की चित्र हिरवं व्हायचं आणि माणसांनी भरलेल्या मंडपात वाजाव्यात तशा टाळ्या वाजायच्या. चाळीशीतल्या माणसासाठी कुणी टाळ्या वाजवल्याला किती वर्षं झालेली असतात, असं मी तेव्हा मोठ्या शहाणपणानं म्हणाले होते.

आमचं काम फवारणीचं. म्हणजे फवारणी आम्ही करत नव्हतो, ती करणाऱ्यांना मोबाईलवर शिकवत होतो. बुलडाण्याला एका संस्थेच्या वरच्या मजल्यावर दोन टेबलं, एक कॅमेरा, मी आणि नौमान. मी शेतकीची पदविका घेतलेली, व्हिडिओ लिहायचे, बोलायचे. नौमान ते मोबाईलवर चालवायचा, आणि कोण कुठे थांबलं त्याचा आलेख काढायचा. एकूण बारा धडे: पंप कसा तपासायचा, वारा कसा बघायचा, तोंडाला काय बांधायचं, औषध कसं मिसळायचं. शिकणारे सगळे मोठे. कोणी दुसरी शिकलेलं, कोणी तेवढंही नाही. बरेच दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारे.

पहिल्या तुकडीनं आमची लाज काढली. शंभर जण बसले आणि नवव्या धड्यापर्यंत एकोणीस उरले. मी आलेखासमोर आठवडा काढला. लोक सहा मिनिटांच्या व्हिडिओतून उठून जात होते, म्हणून मी एका व्हिडिओत एकच गोष्ट ठेवली आणि तो दोन मिनिटांत बसवला. लिहिलेला प्रश्न वाचता येत नव्हता, म्हणून चित्रं घातली आणि प्रश्न माझ्या आवाजात बोलला. एकाच दिवशी चार धडे बघून माणूस पुन्हा फिरकत नव्हता, म्हणून रोज एकच धडा उघडायचा असं ठरवलं. आणि एखादा चुकला की संध्याकाळी सहाला त्याच्या मोबाईलवर माझा आवाज जायचा, नाव घेऊन. "आशाबाई, आज धडा राह्यला. दोनच मिनिटं लागतात. मी वाट पाहून राह्यली." नावं मी तीनशे वीस वेळा बोलले होते, घसा बसला होता.

एवढ्यावर मी थांबले असते तर बरं झालं असतं.

आलेखात आणखी दोन खड्डे होते. एक, प्रश्न बोलायला आठ सेकंद लागायचे, त्या आठ सेकंदांत माणसं निघून जायची. मी नौमानला सांगितलं, प्रश्न संपायची वाट कशाला, बोट आधीच चालू दे. दुसरा, उत्तर दिल्यावर ते का बरोबर आहे हे वीस सेकंद सांगितलं जायचं, तिथंही गळती. मी ते वीस सेकंद कापले आणि टाळ्या ठेवल्या.

नौमान तेव्हा म्हणाला होता, "ताई, काऊन बरोबर ते तर आयकू द्या ना त्याइले. नाही तं ते टाळ्या वाजेपर्यंत नुसते दाबत राह्यतीन."

"नौमान, तू कोड लिही. माणसं मला कळतात," मी म्हणाले. तो कोड लिहायला बसला. माझा स्वभाव त्याला माहीत आहे.

दुसऱ्या तुकडीत तीनशे वीसपैकी दोनशे चौदा जणांनी नववा धडा पार केला. मी पेढे आणले.

पोळा होऊन आठवडा झाला होता. कपाशीवर फवारणीचे दिवस. मंगळवारी सकाळी साडेदहाला आशाबाईचा फोन आला. वडनेर भोलजीची ही बाई आमची लाडकी. चौथ्या धड्यालाच ती गळाली होती, माझ्या आवाजानं परत आली, आणि त्यानंतर एक दिवस चुकली नाही. सासरे उकंडराव दुपारी झोपले की ती चुलीपाशी बसून धडा लावायची, हे तिनंच मला सांगितलं होतं.

"ताई, नववा झाला हो माहा. पैकीच्या पैकी."

"पाह्यलं मी. शाब्बास."

"आन् तुमाले सांगतो, यंदा औषध म्याच आणलं. हे म्हणे तुले काय कयते. म्या म्हटलं, चूप राहा, मी शिकून राह्यली. दुकानवाला निळ्या निशाणीवालं देत होता. म्या घेतलंच नाही. लालवालं घेतलं."

मी खुर्चीत सरळ झाले. "लालवालं काऊन, आशाबाई?"

"तुमच्या मोबाईलात टाळ्या नाही का वाजल्या? चार बाटल्या होत्या. पयले हिरवी दाबली, काई नाही. निळी दाबली, काई नाही. लालवर बोट ठेवलं आन् असा हिरवागार झाला मोबाईल. तवाच म्या मनात पक्कं केलं, हेच चांगलं."

औषधाच्या बाटलीवर खाली एक त्रिकोणी निशाणी असते. हिरवी असेल तर विष सौम्य, निळी त्याहून जास्त, पिवळी त्याहून जास्त, आणि लाल म्हणजे सगळ्यांत जहाल. नवव्या धड्यात मी विचारलं होतं, यातली सगळ्यांत जहाल बाटली कोणती? प्रश्न संपायला आठ सेकंद. तिचं बोट त्याच्या आधीच चाललेलं. व्हिडिओत मी सगळं सांगितलं होतं, हो, पण व्हिडिओ चालू ठेवून ती भाकरी थापत होती आणि मन उरलं होतं फक्त टाळ्यांसाठी. लाल म्हणजे धोका हे आपण सिग्नलवर शिकलो. आशाबाईच्या घरात लाल म्हणजे कुंकू.

मी खुर्चीतून उठले.

"बाटली कुठं हाय आता?"

"वावरात नेली न यांनी. आठ वाजताच गेले. आतापावेतो सात-आठ पंप मारले असतीन."

"तोंडाले बांधलं होतं का? हातमोजे?"

ती हसली. "ऊन किती हाय ताई. शर्ट बी काढून ठेवत असतीन ते."

"त्यांच्यापाशी मोबाईल हाय?"

"त्यायचा घरीच हाय. चार्जिंगले."

मग मी तिला काय सांगितलं ते माझ्या लक्षात आहे, कारण ते दहाव्या धड्यातलंच होतं आणि दहावा धडा मी स्वतःच कुलूपबंद ठेवला होता. रोज एकच. विषबाधा झाली तर काय करायचं, हे तिला दुपारी कळणार होतं. मी म्हणाले, "आशाबाई, ते औषध लई जहाल हाय. आत्ता पळा. काम बंद करा, त्यांना कपाशीतून बाहेर सावलीत आणा. अंगावरचे कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा. उलटी मुद्दाम करवू नका, दूध-बिध पाजू नका. एकटं सोडू नका. आन् बाटली सोबत घ्या, डॉक्टरले दाखवाले. मी एकशेआठले फोन करते."

मग ती म्हणाली, "पण ताई, टाळ्या वाजल्या होत्या."

"आशाबाई, पळा."

फोन बंद झाला. मी रुग्णवाहिकेला फोन केला, वावराचा रस्ता मला माहीत नव्हता म्हणून गावाचं नाव आणि उकंडरावांचं नाव सांगितलं. नौमान माझ्याकडे बघत उभा होता. त्यानं 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. त्यानं गाडीची किल्ली आणि लॅपटॉप घेतला.

राजूर घाट मी हजार वेळा उतरले आहे. त्या दिवशी प्रत्येक वळणावर मला आशाबाईचा नवरा गोविंदा दिसत होता, ज्या माणसाला मी कधी बघितलंच नव्हतं. मागे बसून मी आशाबाईला फोन लावत होते. रिंग जायची, उचलत नव्हती. एकदा, दोनदा, सहादा. चूक झाली असं नुसतं वाटत नव्हतं, माणूस मरणार असं वाटत होतं, आणि तो माझ्यामुळे मरणार हे अगदी स्वच्छ दिसत होतं.

घाट संपला तेव्हा दुसरी भीती आली. पहिल्या भीतीत तिला जागाच नव्हती म्हणून ती मागे राहिली होती. आशाबाई एकटी नव्हती. नवव्या धड्याला दोनशे चौदा जणांनी टाळ्या घेतल्या होत्या.

"नौमान, थांब. गाडी थांबव."

मोताळ्याच्या बसस्टँडसमोर रसवंतीच्या बाकड्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना माझा आवाज पाठव, लाल म्हणजे विष म्हणून.

"नाही जात ताई."

"काऊन नाही जात?"

"आपला निरोप फक्त गळालेल्याइले जाते. जो रोज येते, धडा पुरा करते, त्याले काहीच जात नाही. तुम्हीच म्हटलं होतं, चांगल्याइले सतावू नको." तो लॅपटॉपवर वाकला. "यादीच उलटी करा लागीन. आन् निरोप पाठवून उपयोग नाही, निरोप कोणी उघडत नाही दुपारी. फोनच वाजला पाह्यजे."

ती सोय आमच्याकडे होती, आधीच बोलून ठेवलेला आवाज फोन करून ऐकवायची. खर्चिक म्हणून मीच बंद ठेवली होती. नौमाननं यादी उलटी करायला घेतली, मी मोबाईल तोंडापाशी धरला. एसटीचा हॉर्न, उसाचा चरक, कोणाचं तरी भांडण. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा रडू फुटलं. दुसऱ्यांदा नीट बोलले.

"मी निशिगंधा बोलते. धड्याच्या मोबाईलातली. बाटलीवर लाल निशाणी म्हणजे सगळ्यांत जहाल विष. ती चांगली नाही. टाळ्या वाजल्या म्हणून ती घेतली असंन तर फवारू नका, कोणाले फवारू देऊ नका. कोणाले चक्कर, उलटी, लई घाम, तोंडाले लाळ येत असंन तर अंग धुवा आन् बाटली घेऊन दवाखान्यात न्या. माझी चूक झाली. हे आयकलं असंन तर एक दाबा."

"'माझी चूक झाली' ठेवू?" नौमाननं विचारलं.

"ठेव."

नौमाननं बटण दाबलं तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही पुन्हा निघालो.

नांदुऱ्याच्या अलीकडे आशाबाईचा फोन आला. वारा इतका होता की मला फक्त एकच शब्द कळला, दवाखाना. आम्ही वडनेरला न जाता नांदुऱ्याच्या सरकारी दवाखान्यात शिरलो.

ती बाहेरच्या बाकावर नव्हती, आत खाटेपाशी उभी होती. पदर ओला, हात कोपरापर्यंत साबणानं पांढरे. आम्ही एकमेकींना फक्त आवाजावरून ओळखत होतो. गोविंदा खाटेवर उताणा पडला होता, अंगावर दवाखान्याची चादर, तोंडाच्या कडेनं लाळ, कपाळावर घामाचे थेंब. डोळे उघडे होते, पण बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. दहाव्या धड्यात हेच चित्र आम्ही काढलं होतं. नौमाननं काढलं होतं, मी म्हटलं होतं की जरा मोठं काढ, दिसत नाही.

"कपाशीच्या काठालेच बसले होते," आशाबाई म्हणाली. "डोकं धरून. म्हणे, ऊन लागलं. म्या आंग धुतलं ताई, गाडी येईस्तोवर दोन येळा धुतलं."

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. सुई देत देतच त्यांनी विचारलं, "औषध कोणतं होतं? बाटली आणली का?"

आशाबाईनं हातांकडे बघितलं, मग पिशवीत, मग पुन्हा हातांकडे. "राह्यली हो. तिथंच राह्यली, बांधावर. आंग धुता धुता..."

"नाव काय होतं?"

"वाचता नाही येत साहेब."

"मी आणतो," नौमान म्हणाला. वावर कुठं ते तिला एका दमात विचारून तो गेलासुद्धा.

"पण मले निशाणी माहीत हाय," आशाबाई म्हणाली. "दाखवतो तुमाले." तिनं ओल्या हातानं ब्लाउजमधून मोबाईल काढला. मला कळलं ती काय करणार आहे, आणि मी तिचा हात धरायला पुढे झाले, पण नववा धडा तिला पाठ होता. चार बाटल्या आल्या. माझा आवाज सुरू झाला, "यातली सगळ्यांत..." तिनं तो पुरा होऊ दिला नाही. लाल बाटलीवर बोट ठेवलं आणि मोबाईल डॉक्टरांसमोर धरला.

"ही साहेब. हीच."

मोबाईल हिरवा झाला आणि त्या खोलीत टाळ्या वाजल्या. सहा खाटा होत्या. सगळ्यांनी वळून बघितलं. टाळ्या साडेतीन सेकंदांच्या होत्या, मीच मोजून ठेवल्या होत्या, त्यापेक्षा लांब त्या मी कधी ऐकल्या नाहीत.

डॉक्टरांनी लाल त्रिकोण बघितला, नर्सला दोन शब्द सांगितले, आणखी सुया आणल्या गेल्या. ते आशाबाईला म्हणाले, अंग धुतलं ते फार चांगलं केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, रात्र काढू दे, मग बोलू.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून बसले. नौमानचा लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. दोनशे चौदापैकी एकशे सत्त्याऐंशी जणांनी एक दाबला होता. आशाबाई आत खाटेपाशी होती. उरले सव्वीस. मी एकेकाला माझ्या फोनवरून लावायला सुरुवात केली. रोहिणखेडच्या एका बाईनं सांगितलं, लाल बाटली आणली होती, उद्या फवारायची होती. मी तिला तीन वेळा म्हणायला लावलं, लाल म्हणजे काय. दोघांचे फोन बंद होते, त्यांच्या शेजाऱ्यांचे नंबर शोधले. एकजण म्हणाला, "मॅडम, मी तर शिकलोच नाही काही, पोरगा दाबत होता." मी त्यालाही तीन वेळा म्हणायला लावलं. नौमान बाटली घेऊन आला, दोन पिशव्यांत गुंडाळलेली, आणि आत देऊन माझ्याशेजारी बसला. अर्धी यादी त्यानं घेतली. पाचपर्यंत फक्त एक नंबर उरला. साडेपाचला लागला. तो माणूस मेहकरला पाहुण्यांकडे गेला होता.

आत गेले तेव्हा गोविंदाची लाळ थांबली होती. तो झोपला होता, डॉक्टरांनी झोपवला होता. आशाबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. तिला सांगायचं होतं, वीस सेकंदांचं, आठ सेकंदांचं, आलेखाचं. सांगितलं. तिला किती समजलं कोण जाणे. ती माझ्यावर चिडली नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"म्हणजे तुमी विचारलं होतं, खराब कोणती?" ती म्हणाली.

"हो."

"आन् म्या आयकलंच नाही."

"मी ऐकू दिलं नाही."

सहा वाजले. तिच्या मांडीवरचा मोबाईल थरथरला आणि माझा आवाज आला, नेहमीसारखा आनंदी, नाव घेऊन. आशाबाई, आज धडा राह्यला. दोनच मिनिटं लागतात. मी वाट पाहून राह्यली.

मी हात पुढे केला, बंद करायला. तिनं मोबाईल मागे घेतला.

"राहू द्या. काय हाय दहाव्यात?"

"आज तुम्ही जे केलं तेच."

तिनं धडा लावायच्या आधी मी तिला थांबवलं. चित्रं नव्हती, बाटल्या नव्हत्या. मी नुसतं विचारलं, "आशाबाई, लाल निशाणी म्हणजे काय?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. चादरीबाहेर आलेल्या नवऱ्याच्या पायाकडे बघत होती. नखांत अजून वावरातली माती होती.

"जहर," ती म्हणाली.

उत्तर बरोबर होतं.